धाकटीच्या नावचा कर

धाकटी बँकेतून आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात शिरली, तेव्हाच काय झालंय ते मला कळलं. मी कांदा चिरत होते. मान खाली घालून बसायला कांद्यासारखं निमित्त नाही, म्हणून मी चिरत राहिले.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको. गेल्या वर्षी लग्न होऊन आली आणि लगेच मी तिला आमच्या कारखान्यात चिकटवली. आमच्याकडे चष्म्याच्या काचा घासतात. दुकानांकडून ऑर्डरी येतात, त्यावरचे नंबर मी तपासते. उजवा, डावा, अधिक, उणे, सगळं. एकोणीस वर्षं मी हेच करते आहे. धाकटीकडे मशीनचा डिप्लोमा आहे. त्यामुळे ती आल्या दिवसापासून तिचा पगार माझ्या दीडपट. मला त्याचं काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगत असे, आणि इतक्या वेळा सांगत असे की कोणालाही कळावं.

तिने आणि दिराने दोन खोल्यांचं घर बघितलं होतं. कर्ज जवळजवळ मंजूर होतं. बँकेने फक्त तिचं वर्षाचं कर प्रमाणपत्र मागितलं, आणि त्याच्या जोडीला कर खात्याच्या साइटवरचा तिचा उतारा. प्रमाणपत्रावर तीन तिमाह्यांची कपात स्वच्छ छापलेली होती. उताऱ्यावर तिन्ही तिमाह्यांना शून्य. बँकेतल्या बाईने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि सांगितलं की पगारातून कर कापला असेल तर तो तुमच्या खात्यावर दिसायला हवा. ऑफिसकडून दुरुस्त प्रमाणपत्र आणा, महिनाअखेरपर्यंत. त्यानंतर बिल्डर थांबणार नव्हता, आणि रिटर्न भरायची मुदतही तेव्हाच संपत होती. जमा दिसली नाही तर एकदा पगारातून गेलेला कर धाकटीला पुन्हा खिशातून भरावा लागला असता.

“ताई, उद्या तुम्ही माझ्याबरोबर चला,” ती म्हणाली. “तुम्ही जुन्या आहात. तुमच्यासमोर ऑफिसवाले टोलवणार नाहीत.”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

आता सांगूनच टाकते. तो कर कुठे गेला होता हे मला ठाऊक होतं. तो माझ्या खात्यावर जमा होता, तिथून रिफंड होऊन माझ्या बँकेत आला होता, आणि त्यातून मी दाताला कॅप बसवून घेतली होती. दोन वर्षं मी एकाच बाजूने चावत होते. आता दोन्ही बाजूंनी चावत होते.

घडलं ते असं. मी दरवर्षी प्रमाणपत्र हातात पडलं की त्याच आठवड्यात रिटर्न भरून मोकळी होते. झेरॉक्सच्या दुकानातली बाई भरून देते. या वर्षी तिने साइट उघडली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून विचारलं की तुम्ही कंपनीत आणखी कुठल्या विभागात काम करता का, कारण दुसऱ्या तिमाहीपासून एकाच कंपनीच्या दोन-दोन ओळी दिसतात. पहिल्या ओळीत माझा पगार होता. दुसऱ्या ओळीत जो आकडा होता तो मी ओळखला. धाकटी पगाराची स्लिप फ्रिजवर ठेवते, आणि फ्रिज पुसायचं काम माझं.

मी म्हटलं, ऑफिसचं काहीतरी फरकाचं असेल, घ्या. ती चांगली बाई. तिने मला सावध केलं की उत्पन्न प्रमाणपत्राप्रमाणे घेते आणि कर साइटवरचा घेते, पण पुढे कर खात्याने विचारलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. देईन म्हटलं. तीन आठवड्यांत पैसे आले.

घरी जाताना मला आठवलं की हे कसं झालं. धाकटी कामाला लागली त्या दिवशी तिला थेट मशीनवर उभं केलं होतं, आणि हिशेबाच्या टेबलावर तिचा भरतीचा फॉर्म मीच भरला होता. आडनाव तेच, पत्ता तोच, घरचा फोन तोच. हात आपल्याच वळणाने चालला होता. खाली कर क्रमांकाचा रकाना आला आणि मी पाठ असलेला नंबर लिहून टाकला. माझा. दिवसाला चारशे नंबर तपासणाऱ्या बाईने.

इथपर्यंत ती चूक होती. चुकीची कोणाला लाज वाटायचं कारण नाही. लाज त्याच्यापुढची आहे. मी त्याच संध्याकाळी धाकटीला सांगू शकले असते. मी दंतवैद्याची वेळ घेतली.

कारखान्याचे हिशेब बघणारे गृहस्थ निवृत्तीला आलेले. त्यांना सगळे टाचणीकाका म्हणतात. स्टेपलरवर त्यांचा विश्वास नाही. शर्टाच्या कॉलरला आतून दहा-बारा टाचण्या लावलेल्या असतात, आणि कुठलाही कागद हातात आला की मान किंचित वाकडी करून ते एक टाचणी उपसतात. धाकटीने कागद पुढे केले तेव्हा त्यांनी आधी ते टाचले आणि मग वाचले. म्हणाले, कर तर दर महिन्याला वेळेवर भरलाय, चलनं आहेत माझ्याकडे, साइटवर यायला कधी कधी वेळ लागतो, आठ दिवस बघू.

मी शेजारी उभी होते. धाकटीने माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी म्हटलं, “काका, जरा लवकर बघा.” एवढं म्हणायला माझी जीभ रेटली. काय म्हणू अशा जिभेला?

आठ दिवसांनी उतारा तसाच कोरा. या वेळी धाकटी आधीच तापलेली होती. तिला कोणीतरी सांगितलं होतं की काही मालक पगारातून कर कापतात आणि भरतच नाहीत. तिने जेवणाच्या सुट्टीत, सगळं खातं डबे उघडून बसलेलं असताना, काकांना विचारलं की कापताना तुमचा हात कसा बरोबर चालतो. काका म्हणाले की चलनाची रक्कम आणि कर खात्याला पाठवलेल्या तिमाही विवरणपत्राची बेरीज पैशाला पैसा जुळते, कर सरकारात पोचलाय.

“पोचलाय ना? मग माझ्या नावावर का नाही? कोणाच्या घशात गेले माझे पैसे?”

माझ्या तोंडात घास होता. मी तो कॅपच्या बाजूने चावत होते. 

काकांना बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण आकडा समोर नसला की ते अडखळतात. चाळीस माणसांसमोर ते नुसते उभे राहिले आणि त्यांनी कॉलरला हात लावला. मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं. त्या दिवसापासून कारखान्यात टिंगल सुरू झाली. पगाराच्या स्लिपा वाटताना पोरं त्यांना विचारायची, काका, कर भरलाय ना नक्की, की टाचून ठेवलाय. मी ते ऐकत होते आणि उजवा-डावा, अधिक-उणे तपासत होते. त्या आठवड्यात माझ्या हातून एकही नंबर चुकला नाही. ते मला आजही खटकतं.

घरीसुद्धा तोच विषय. दीर म्हणाला, लेखी तक्रार कर. धाकटीने मालकांना अर्ज लिहिला आणि तो माझ्यापुढे ठेवला, कारण घरात अर्ज लिहायची अक्कल मला आहे असा सगळ्यांचा समज. तिने लिहिलं होतं की तिमाही विवरणपत्रांत माझ्या नावची कपात दाखवली आहे, प्रत्यक्षात ती माझ्या खात्यावर जमा झालेली नाही, तरी चौकशी करून दुरुस्त प्रमाणपत्र द्यावं आणि संबंधित कर्मचाऱ्याला जाब विचारावा. मी तो वाचला. ‘संबंधित’मधला अनुस्वार राहिला होता. तो मी दिला. आपणच संबंधित कर्मचारी असून समोर बसून अनुस्वार देणारी बाई या जगात दुसरी नसेल.

अर्ज गेला आणि तिसऱ्या दिवशी मालकांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. मला खरं तर बोलावलं नव्हतं. धाकटी म्हणाली, ताई असल्या की मला धीर येतो.

काका विवरणपत्रांची छापील प्रत घेऊन उभे होते. सोबत धाकटीची फाइल. मालकांनी विचारलं तसं त्यांनी शांतपणे सांगितलं की कर भरलेला आहे, विवरणपत्रात यांचं नाव बरोबर आहे, रक्कम बरोबर आहे, पण नावापुढचा कर क्रमांक दुसऱ्याच माणसाचा पडलाय. साइट नाव बघत नाही, क्रमांक बघते. त्यामुळे यांची जमा त्या दुसऱ्या माणसाच्या खात्यावर गेली. विवरणपत्र मी वेगळं भरतो; पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये यांचा खरा क्रमांक आहे, म्हणून प्रमाणपत्र तेवढं बरोबर छापलं गेलं.

“दुसरं माणूस म्हणजे कोण?” धाकटीने विचारलं.

काकांनी एकदा, फक्त एकदा, माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातातल्या फाइलमध्ये सगळ्यात वर माझ्या अक्षरातला फॉर्म होता. मला तो दारातूनच दिसला होता.

“ते महत्त्वाचं नाही,” ते म्हणाले. “टाइप करताना माझी चूक झाली. दुरुस्तीचं विवरणपत्र भरतो. तिन्ही तिमाह्यांचं.”

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी समजलं.

मालक चिडखोर नाहीत. म्हणूनच ते जे बोलले ते जास्त लागलं. ते म्हणाले, काका, तुमचं वय झालं, पगाराचं काम आता बाहेर देऊन टाकतो. उरलेले चौदा महिने तुम्ही गोदामात साठा मोजा, तिथे डोक्याला ताप नाही. काका हो म्हणाले. मग त्यांनी विवरणपत्राची प्रत टेबलावर ठेवली आणि तिची टाचणी काढून घेतली, ऑफिसची वस्तू परत करावी तशी मालकांसमोर ठेवली. धाकटीचा चेहरा मोकळा झाला होता. तिला तिचा न्याय मिळाला होता.

“फॉर्म मी भरला होता,” मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की फाइलमध्ये वरच आहे, अक्षर माझं आहे, धाकटीच्या जागी मी माझा कर क्रमांक लिहिला, काकांनी तो जसाच्या तसा उतरवला, त्यांची काही चूक नाही. सांगताना माझा आवाज कापत होता, आणि त्या कापण्याचाही मला फायदाच झाला. मालक हसले. चष्म्याचे नंबर तपासणारी आमची बाई, आणि स्वतःचाच नंबर चुकली, असं म्हणाले. काकांचं काम काकांकडेच राहिलं. धाकटीने काकांची माफी मागितली, मनापासून मागितली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. काका म्हणाले, असू दे बाळ, फॉर्म कोणीही भरो, कार्डाच्या झेरॉक्सशी क्रमांक पडताळणं माझं काम होतं.

मी अर्धं सांगितलं होतं. रिफंडचा र सुद्धा काढला नव्हता. आणि अर्धं सांगण्यात एक गंमत असते, माणूस पूर्ण सांगणाऱ्यापेक्षाही भला दिसतो.

पाच वाजता कारखाना रिकामा झाल्यावर काका माझ्या टेबलापाशी आले. उभ्या उभ्याच बोलले. दुरुस्ती आज पाठवतो, ती खात्याकडून मंजूर झाली की ती जमा तुमच्या क्रमांकावरून निघून तिच्या क्रमांकावर जाईल. मग विचारलं, तुमचं रिटर्न भरून झालंय ना, आणि त्यात तो कर धरला होता का?

मी मान डोलावली.

त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त समजावलं की सुधारित रिटर्न भरा, रिफंडची रक्कम व्याजासकट परत करा, खात्याची नोटीस यायच्या आत केलंत तर प्रश्न उरणार नाही. पगारातून उचल हवी असेल तर अर्ज द्या, मी मालकांची सही घेतो, कारण लिहायची गरज नाही. मी विचारलं, काका, तुम्हाला केबिनमध्येच कळलं होतं ना? ते म्हणाले, आदल्या दिवशीच. मग तुम्ही स्वतःवर का घेतलंत? ते जरा वेळ कॉलर चाचपत राहिले.

“एका घरात राहता तुम्ही दोघी,” ते म्हणाले. “मी काय, चौदा महिन्यांचा पाहुणा.”

मी उचल घेतली. झेरॉक्सच्या दुकानातल्या बाईकडून सुधारित रिटर्न भरलं, पैसे परत केले. तिने काही विचारलं नाही, नुसता स्क्रीन माझ्याकडे वळवला आणि आकडा तपासून घ्या म्हणाली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने माझं सगळं साफ झालं. धाकटीला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. तिच्या उताऱ्यावर माझ्या रिफंडचं नावही येणार नव्हतं. मी गप्प बसले असते तर आजही ती मला देवाच्या जागी मानत असती, आणि हे मी रोज स्वतःला सांगत होते.

महिना संपायला दोन दिवस असताना दुरुस्त प्रमाणपत्र आलं. तिन्ही तिमाह्यांपुढे नव्या विवरणपत्राचे पावती क्रमांक, आणि साइटवरच्या उताऱ्यात तेवढेच आकडे. बँकेने कागद ठेवून घेतले. संध्याकाळी धाकटी घरी आली ती हसतच. सासूबाई बाहेरच्या खोलीत कपडे घडी घालत होत्या, दीर चहा पीत होता, माझा नवरा नुकताच आला होता. तिने सगळ्यांना कागद दाखवला. मग म्हणाली की खरं श्रेय ताईंचं. मालकांसमोर चूक कबूल करायला छाती लागते. दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती.

सासूबाई म्हणाल्या, थोरली आहे ती. नवऱ्याने माझ्याकडे अशा कौतुकाने पाहिलं की तसं त्याने लग्नातही पाहिलं नव्हतं.

मला ते सहन झालं नाही. मी फार चांगली आहे म्हणून सांगितलं असं कोणी समजू नये. ते कौतुक अंगाला टोचत होतं, ते काढून टाकावं म्हणून सांगितलं.

“मी गप्पच बसले होते,” मी म्हटलं. “तू बँकेतून आलीस त्याच्या आधीपासून. तुझा कर माझ्या खात्यावर आला होता, मी त्याचा रिफंड घेतला. आकडा तुझा आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. त्यातून दात करून घेतला. आता परत भरलाय, पण तेव्हा घेतला होता.”

दिराने कप खाली ठेवला. सासूबाईंच्या हातातली चादर अर्धी घडी झालेली तशीच राहिली. नवरा म्हणाला, अगं, मला मागितले असतेस. त्याचं बरोबर होतं. मागितले असते तर त्याने दिले असते. पण माझ्या दीडपट पगार असलेल्या पोरीचे पैसे चुकून माझ्याकडे आले, यात मला थोडं समाधान वाटलं होतं. हे मी त्याला सांगितलं नाही. इथे लिहिते आहे.

धाकटी रडली नाही की चिडली नाही. ती हिशेब करत होती. पैशांचा नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

“डबे उघडले होते त्या दिवशी,” ती म्हणाली, “मी काकांना काय काय बोलले. तुम्ही शेजारी बसून जेवत होतात.”

“हो.”

“आणि अर्ज मी तुम्हालाच वाचायला दिला.”

“हो.”

तिने प्रमाणपत्र घडी घातलं. सासूबाई काहीतरी सावरायचं म्हणून म्हणाल्या की झालं गेलं, कर्ज तर मिळालं ना. धाकटीने हो म्हटलं. मग ती आत गेली, तिने हातपाय धुतले, आणि रोजच्यासारखी ताटं घ्यायला आली. चिडलेल्या बाईचा भांड्यांचा आवाज मला ओळखता येतो. तिने एकही भांडं वाजवलं नाही. मी पोळ्यांचा डबा पुढे केला तो तिने घेतला, सगळ्यांना वाढलं, आणि माझ्या ताटापाशी येऊन थांबली.

“भाजी वाढू का, जाऊबाई?” तिने विचारलं.

सासूबाईंनी मान वर केली, कारण या घरात आल्यापासून ती मला ताईच म्हणत होती. तिच्या बोलण्यात चिडल्याचा सूर नव्हता. नातं तर तिने अगदी बरोबर सांगितलं होतं. मी ताट पुढे केलं आणि वाढ म्हटलं.